गाव बदलले, प्राप्तिकराचा अधिकारी बदलला का?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सोलापुरात कारखान्यात मुकादम होते. 2023 साली ते नाशकाला मुलाकडे राहायला गेले. बँकेत नवा पत्ता दिला, पॅन कार्डावरही तो लावून घेतला. त्यांना वाटले, झाले काम.

पुढे एका जुन्या वर्षाची 6,000 रुपयांची कराची मागणी निघाली. कर तर पगारातूनच कापला होता; त्याची नोंद जुळली नव्हती. कापल्याचा दाखला घेऊन ते नाशकाच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, "काका, तुमचं प्रकरण सोलापूरकडे आहे. मी त्याला हात लावू शकत नाही."

असं का झालं? प्रत्येक पॅन एका अधिकाऱ्याच्या हद्दीत असतो. पत्ता बदलला म्हणजे हद्द आपोआप बदलतेच असे नाही. विवरण कोठूनही भरता येते, म्हणून हे बरीच वर्षे ध्यानात येत नाही. अशी जुनी मागणी दुरुस्त करायची वेळ आली, की अडते.

आपला अधिकारी कोण, हे आधी पाहावे. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर, म्हणजे incometax.gov.in वर, Know Your AO असे लिहिलेले असते. तेथे पॅन व मोबाईल क्रमांक घालावा. मोबाईलवर आलेला आकडा भरला, की अधिकाऱ्याचे कार्यालय दिसते. मुलाला किंवा नातवाला जवळ बसवावे.

मग अर्ज करावा. तो कोणाला? पुष्कळ लोक नव्या गावच्या अधिकाऱ्याकडे जातात. पण लेकीची पाठवणी माहेरच करते, बरं का! प्रकरण सोडायचे ते जुन्या अधिकाऱ्याने. म्हणून अर्ज त्यांच्या नावे, आणि एक प्रत नव्या अधिकाऱ्याला. आमच्या गृहस्थांनी असे लिहिले:

"मी पूर्वी सोलापूर येथे राहत होतो. सन 2023 पासून नाशिक येथे कायम राहत आहे. तरी माझे प्रकरण आपल्याकडून नाशिक येथील अधिकाऱ्यांकडे वर्ग करावे, ही विनंती."

खाली पॅन, जुना पत्ता, नवा पत्ता व सही. सोबत पॅनची आणि नव्या पत्त्याच्या पुराव्याची नक्कल. आधार किंवा विजेचे बिल चालते. अर्ज हाती दिला तर आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. टपालाने पाठवला तर पोचपावती जपावी. पुढे विचारायला जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो: अर्ज कधी दिला?

जुना अधिकारी वरिष्ठांची मंजुरी घेऊन प्रकरण पाठवतो. याला वेळ लागतो. मधूनमधून त्याच संकेतस्थळावर पाहावे. तेथे नव्या गावचे कार्यालय दिसू लागले, म्हणजे काम झाले. तोवर जुन्या अधिकाऱ्याची नोटीस आली तर तिचे उत्तर त्यालाच द्यायचे. अर्ज दिला म्हणून गप्प बसू नये.

प्रकरण हलले म्हणून मागणी मिटत नाही. ती मागोमाग येते. गृहस्थांची 6,000 ची मागणीही नाशकाला आली. तेव्हा कुठे तोच दाखला त्यांना तिथल्या साहेबांपुढे ठेवता आला.