पेनड्राइव्हवरून संगणक का सुरू होऊ द्यायचा नाही?

‘पुढच्या महिन्यापासून सही नसलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होणार नाही,’ अशी सूचना मी कार्यालयात लावली आणि पहिला प्रश्न आला, ‘पासवर्ड आहे ना, मग कशाला?’

पासवर्ड विचारते ती विंडोज. पण पेनड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली सुरू केली, तर विंडोज जागीच होत नाही. हार्डडिस्क कूटबद्ध नसेल, तर पगारपत्रकाची फाइल सरळ उघडते. विंडोजच्या नोंदींत त्याचा मागही राहत नाही.

म्हणून ‘सिक्युअर बूट’ चालू करतो आहोत. सुरू होताना संगणकाचे फर्मवेअर समोरच्या बूट प्रोग्रॅमची डिजिटल सही स्वतःजवळच्या यादीशी ताडून पाहते. सही नसेल किंवा ती रद्द झालेली असेल, तर तिथेच थांबते. फाइली नेण्या-आणण्याचा पेनड्राइव्ह मात्र पूर्वीसारखाच चालेल.

तुमच्याकडे हे चालू आहे का, ते `msinfo32` उघडून `Secure Boot State` या ओळीत पाहा. तिथे `On` हवे. बदल करण्यापूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी आहे ना, याची खात्री आम्ही करू. नाहीतर संगणक तीच मागत बसतो.

सही असलेला प्रोग्रॅमही सदोष निघू शकतो. 2020 मध्ये ‘बूटहोल’ ही त्रुटी ग्रब2 मध्ये सापडली, तेव्हा जुन्या सह्या रद्द कराव्या लागल्या. शिवाय सही असलेली लिनक्स पेनड्राइव्हवरून अजूनही सुरू होऊ शकते. म्हणून फर्मवेअरलाही पासवर्ड लावतो आहोत आणि डिस्क कूटबद्ध करतो आहोत.