लॉगिन बंद केलं, पण दार बंद झालं का?

कंपनीच्या लॉगिननेच एडब्ल्यूएसचा कन्सोल उघडावा, यासाठी आधी मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आणि एडब्ल्यूएसचं आयडेंटिटी सेंटर यांची ओळख करून द्यावी लागते. दोघांच्या मेटाडेटा फायलींची अदलाबदल झाली की एन्ट्रा सही केलेला निरोप पाठवते: ही व्यक्ती आमचीच. पासवर्ड एडब्ल्यूएसपर्यंत जातच नाही. आत काय करता येईल, हे परमिशन सेट ठरवतो.

खरी परीक्षा माणूस नोकरी सोडतो तेव्हा होते. समजा, संध्याकाळी सहाला त्याचं खातं बंद केलं. एन्ट्रा हा बदल साधारण ४० मिनिटांच्या फेरीत पुढे कळवते. पण पावणेसहाला उघडलेलं कन्सोलचं सेशन त्याने आपोआप तुटत नाही. परमिशन सेटची मुदत १२ तास ठेवली असेल, तर ते पहाटे पावणेसहापर्यंत चालू राहू शकतं. मूळ मुदत १ तासाचीच असते. निव्वळ सोयीसाठी ती वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या आयएएम युजरच्या ॲक्सेस की तर हमखास नजरेतून सुटतात. एन्ट्राला त्यांचा पत्ताच नसतो, त्यामुळे खातं बंद झाल्यावरही त्या चालतात. आयएएमचा क्रेडेन्शियल रिपोर्ट काढला की कोणती की चालू आहे आणि शेवटची कधी वापरली, ते दिसतं.