बोट उचलायची वाट पाहू नका

‘सबवे सर्फर्स’सारख्या पळापळीच्या गेममध्ये समोरून ट्रेन येते, आपण बोट डावीकडे सरकवतो आणि पोरगा शेजारच्या रुळावर जातो. पडदा मात्र गेमला एवढंच कळवतो: बोट इथे टेकलं, आता तिथे आहे, आता उचललं. त्यावरून टॅप, स्वाइप की लाँग प्रेस, हे गेमनं ओळखायचं.

बोट टेकताच जागा आणि वेळ टिपून ठेवतात. पुढचा पहिला प्रश्न: बोट हललं कधी म्हणायचं? स्थिर बोटही किंचित घसरतंच. अँड्रॉइड साधारण सव्वा मिलिमीटरपर्यंतची हालचाल माफ करतं. स्वाइपसाठी गेमनं आपली सीमा ठरवावी, समजा 5 मिलिमीटर. ती पिक्सेलमध्ये पक्की केली तर घोटाळा होतो. इंचाला 400 पिक्सेल असलेल्या फोनवर 5 मिलिमीटर म्हणजे सुमारे 79 पिक्सेल; इंचाला 200 असतील, तर तेवढ्याच पिक्सेलसाठी बोट सेंटिमीटरभर ओढावं लागतं.

आता 400वाल्या फोनवर बोट आडव्या 540, उभ्या 1500 या जागी टेकलं. 50 मिलिसेकंदांनी ते 450, 1470 वर आहे. आडवा फरक 90, उभा 30, सरळ अंतर सुमारे 95. सीमा ओलांडली, आडवा फरक मोठा आणि आकडा घटलेला, म्हणजे डावा स्वाइप. पोरगा याच क्षणी हलला पाहिजे. नवखे प्रोग्रॅमर बोट उचलेपर्यंत थांबतात. त्यात आणखी 100 मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेमची सहा चित्रं निघून जातात आणि पोरगा ट्रेनवर आदळतो. खेळणारा वैतागून म्हणतो, “मी वेळेत सरकवलं होतं!” त्याचं खरंच असतं.

पण लगेच निर्णय घेतला की दुसरी अडचण येते: तेच बोट पुढे घसरत राहिलं, तर पोरगा दोन रूळ ओलांडेल. म्हणून एका स्वाइपनंतर बोट उचलेपर्यंत किंवा दिशा बदलेपर्यंत पुढची हालचाल सोडून द्यायची. अंगठा मुळाशी वळतो, त्यामुळे त्याची रेघ कमानदार येते. दोन्ही फरक जवळपास सारखे असतील, तर आणखी थोडं अंतर कापू द्यावं; एका चित्राचा उशीर चुकीच्या उडीपेक्षा बरा.

लाँग प्रेसचा निकाल घड्याळावर लागतो, बहुधा अर्ध्या सेकंदानं. इथे एक फसगत असते: बोट स्थिर असेल तर पडदा नवी खबरच देत नाही, आणि खबर आली तरच वेळ तपासणारा गेम बसून राहतो. वेळ दर चित्राला तपासायची.

उरला टॅप. तो मात्र बोट उचलल्यावरच ठरतो. मधेच फोन आला, तर अँड्रॉइड `ACTION_CANCEL` पाठवू शकतं. त्याला बोट उचलणं समजलं की न मारलेला टॅप मोजला जातो.