पडझड किती आणि परत वर यायला किती वेळ?

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: “दहा लाख आहेत, तीन वर्षांनी घराचं डाऊन पेमेंट करायचंय. ८० टक्के इक्विटीत ठेवू का? मार्केट पडलं तर वर्षभरात परत येतंच ना?”

हे ‘वर्षभरात परत येतंच’ कुठून आलं ते कळतं. २०२० मध्ये कोविडच्या वेळी सेन्सेक्स जवळपास ३८ टक्के पडला आणि नोव्हेंबरपर्यंत जुन्या शिखरावर पोचलासुद्धा. ज्यांनी पहिली एसआयपी त्याच काळात सुरू केली, त्यांना बाजाराचा स्वभाव असाच वाटणार. म्हणून आज जरा मागे जाऊ.

८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. ९ मार्च २००९ ला ८,१६० वर. शिखरापासून तळापर्यंतची ही घसरण म्हणजे ड्रॉडाऊन, आणि एखाद्या काळातली सगळ्यात खोल घसरण म्हणजे मॅक्सिमम ड्रॉडाऊन. इथे तो ६१ टक्के भरतो. आता गंमत बघा. १०० रुपयांचे ३९ झाले, तर परत १०० व्हायला ६१ टक्के वाढ पुरत नाही, १५६ टक्के लागते. तेवढं चढून सेन्सेक्स नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत जुन्या शिखरापाशी पोचला. म्हणजे एकूण ३४ महिने. (यात डिव्हिडंड धरलेला नाही.)

आता आपल्या श्रोत्याचे दहा लाख जानेवारी २००८ च्या शिखरावर ठेवून पाहू. आठ लाख सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात, दोन लाख एफडीत. एफडीचं व्याज ७ टक्के हे मी सोयीसाठी धरलंय, टॅक्स वगळून. मार्च २००९ मध्ये आठ लाखांचे उरले ३ लाख १३ हजार. एफडी झाली २ लाख १६ हजार. बेरीज ५ लाख २९ हजार. दहा लाख परत दिसायला सप्टेंबर २०१० उजाडला, म्हणजे जवळपास ३३ महिने.

हेच तीन लाख इक्विटी आणि सात लाख एफडी असते तर? तळाला बेरीज साधारण ८ लाख ७४ हजार, आणि जुलै २००९ च्या शेवटी दहा लाख परत. १९ महिने. कारण सात लाखांवरचं व्याज रोज थोडा थोडा खड्डा भरत होतं.

आणि ३३ महिन्यांनी ‘सुटलो’ म्हणावं, तर तेही नाही. डिसेंबर २०११ मध्ये सेन्सेक्स पुन्हा १५,२०० च्या आसपास आला होता. ८०:२० वाल्याच्या हातात तेव्हा, जवळजवळ चार वर्षांनी, सुमारे ८ लाख ४० हजार. बिल्डरने त्याच महिन्यात पैसे मागितले असते तर दीड लाखाहून जास्त कमी पडले असते. रिकव्हरीची तारीख आपण ठरवत नाही, पण डाऊन पेमेंटची तारीख ठरलेली असते. मला खरा प्रश्न तिथेच दिसतो.

म्हणून इक्विटीचा वाटा ठरवताना मी टक्क्यांपासून सुरुवात करत नाही, रुपयांपासून करते. समजा ज्यांना लांब पल्ल्याचे दहा लाख गुंतवायचेत, त्यांनी आधी स्वतःला विचारायचं: किती रुपये कमी झालेले बघूनही मी ॲप उघडून विकायचं बटण दाबणार नाही? उत्तर दोन लाख असेल, तर दोन लाखांना ०.६ ने भागा. ३ लाख ३३ हजार येतात. म्हणजे २००८ सारखी घसरण झाली तरी साधारण दोन लाखच जातील. व्याजाचा आधार यात धरलेला नाही, तो थोडा बोनस. मग वेळेची चाळणी लावा: पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे या हिशोबात येतच नाहीत, ते आधीच बाजूला.

ॲपमध्ये फंडाच्या पानावर ड्रॉडाऊन दिसला तर तो किती वर्षांचा आहे ते नक्की पाहा. तीन किंवा पाच वर्षांच्या डेटात २००८ नसतंच, त्यामुळे आकडा सौम्य वाटतो. स्मॉलकॅप फंड असेल तर ०.६ सुद्धा कमी धरल्यासारखं होईल.

आणि ६१ टक्के, ३४ महिने ही काही तळाची रेघ नाही. जपानच्या निक्केईने डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ गाठलं, आणि तो आकडा परत ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षांनी.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्या दहा लाखांसाठी माझं उत्तर: एफडी किंवा लिक्विड फंड. तू पुढे दर महिन्याला जी एसआयपी करणार आहेस, तिचा हिशोब वेगळा.