हिमोग्लोबिनचा संदेश वाचताना

दहावीच्या विज्ञानात प्रथिन-निर्मितीची आकृती असते. एक लांब पट्टी, तिच्यावर चार अक्षरे, पट्टीवर बसलेला रायबोसोम आणि त्यातून बाहेर पडणारी मण्यांची माळ. बहुतेकांनी ती पाठ केलेली असते, पण खऱ्या पट्टीवरची खरी अक्षरे वाचून पाहिलेली नसतात. ती वाचली म्हणजे सिकलसेलसारखा आजार नेमका कुठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखवता येते. म्हणून इथे एकच संदेश घेऊ. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा हा संदेशवाहक आरएनए, आणि त्याचा सुरुवातीजवळचा छोटा तुकडा असा :

```
ACACCAUGGUGCAUCUGACUCCUGAGGAGAAG
```

A, U, G आणि C ही त्याची चार अक्षरे. जनुकातल्या डीएनएमध्ये U च्या जागी T असते, बाकी मजकूर तोच. पेशी तीन-तीन अक्षरांचे गट करून हा संदेश वाचते. अशा प्रत्येक गटाला कोडॉन म्हणतात आणि प्रत्येक कोडॉनमागे एक अमिनो आम्ल ठरलेले असते. चार अक्षरांपासून तीन अक्षरी गट 64 होतात. त्यातले 61 अमिनो आम्लांसाठी आहेत. उरलेले UAA, UAG आणि UGA हे तीन 'इथे थांबा' असे सांगतात.

आता वाचायला सुरुवात करू. पहिल्या अक्षरापासून तीन-तीन पाडले तर ACA, CCA, UGG, UGC, AUC, UGA असे गट पडतात. सहावाच गट UGA, म्हणजे थांबा! पाच अमिनो आम्लांत साखळी संपली. बीटा साखळी तर 146 अमिनो आम्लांची असते. गणित इथेच चुकते, कारण आपण वाचन चुकीच्या जागेवरून सुरू केले.

पेशी असे करत नाही. रायबोसोमचा लहान भाग संदेशाच्या टोकाशी बसतो आणि पट्टीवरून पुढे सरकत AUG हा गट शोधतो. बीटा साखळीच्या संदेशात त्याच्याआधी सुमारे 50 अक्षरे असतात, ती प्रथिनात उतरत नाहीत. आपल्या तुकड्यातली पहिली पाच, म्हणजे ACACC, ही त्यांचीच शेवटची. AUG सापडला की रायबोसोमचा मोठा भाग येऊन जोडला जातो आणि तिथून पुढची तिकडी पक्की होते. एकदा ठरलेली ही मांडणी शेवटपर्यंत बदलत नाही, मध्ये एकही अक्षर वगळले जात नाही आणि एकही अक्षर दोनदा वाचले जात नाही.

म्हणून AUG पासून पुन्हा पाडू :

```
AUG GUG CAU CUG ACU CCU GAG GAG AAG
```

आता कोडॉनचा तक्ता उघडायचा. नेहमीच्या तक्त्यात पहिले अक्षर डावीकडे उभे, दुसरे वर आडवे आणि तिसरे उजवीकडे दिलेले असते. GUG शोधायचा तर डावीकडून G ची ओळ धरायची, वरून U चा स्तंभ धरायचा. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात GUU, GUC, GUA, GUG हे चारही कोडॉन आहेत आणि चौघांपुढे एकच नाव आहे, व्हॅलिन. CAU साठी C ची ओळ आणि A चा स्तंभ. इथे चौकोन दोघांत वाटलेला आहे : CAU आणि CAC म्हणजे हिस्टिडिन, CAA आणि CAG म्हणजे ग्लुटामिन. अशा चौकोनात तिसरे अक्षर पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. याच रीतीने पुढे गेले की आपला तुकडा असा उलगडतो :

```
AUG  मेथिओनिन
GUG  व्हॅलिन
CAU  हिस्टिडिन
CUG  ल्युसिन
ACU  थ्रिओनिन
CCU  प्रोलिन
GAG  ग्लुटामिक आम्ल
GAG  ग्लुटामिक आम्ल
AAG  लायसिन
```

सुरुवातीचे मेथिओनिन साखळी तयार होत असतानाच कापून टाकले जाते. म्हणून तयार बीटा साखळीत पहिला क्रमांक व्हॅलिनचा आणि सहावा पहिल्या ग्लुटामिक आम्लाचा. हा सहावा क्रमांक लक्षात ठेवायला हवा. नव्या जनुक-अहवालांत मेथिओनिनही मोजतात, त्यामुळे तीच जागा तिथे सातवी म्हणून दिसते. जागा एकच, मोजण्याची रीत वेगळी.

तक्ता आपण कागदावर पाहतो. पेशीत तो कुठे असतो? तो कुठेही लिहिलेला नाही. टीआरएनए नावाचे लहान रेणू असतात. त्यांच्या एका बाजूला तीन अक्षरांचा प्रतिकोडॉन असतो आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल बांधलेले असते. रायबोसोममध्ये GAG समोर आला की ज्याच्या अंगावर CUC आहे तो टीआरएनए तिथे जुळतो, कारण G समोर C आणि A समोर U बसते. मग आधी तयार झालेली सगळी साखळी त्याच्यावरच्या अमिनो आम्लाला जोडली जाते, रायबोसोम तीन अक्षरे पुढे सरकतो आणि रिकामा टीआरएनए बाहेर पडतो. कोणत्या टीआरएनएला कोणते अमिनो आम्ल बांधायचे हे काम काही खास एन्झाइमांचे असते. खरा तक्ता या एन्झाइमांच्या अचूकतेत आहे. रायबोसोम फक्त अक्षरे जुळतात का ते पाहतो, मागे काय बांधले आहे ते तपासत नाही.

आकृतीवरून उत्तर काढताना विद्यार्थी इथेच हमखास चुकतात. AUG समोर प्रतिकोडॉनची UAC ही अक्षरे काढलेली असतात आणि तीच घेऊन ते तक्त्यात शिरतात. UAC पुढे टायरोसिन लिहिलेले असते, मेथिओनिन नाही. तक्ता संदेशातल्या कोडॉनचा आहे. प्रतिकोडॉन घेऊन त्यात शोधायचे नसते.

हा तक्ता 1960 च्या दशकात प्रयोगशाळेत एकेक घर करून भरला गेला. 1961 मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी नुसत्या U अक्षरांचा आरएनए वापरला, तेव्हा फक्त फेनिलअॅलानिनची साखळी तयार झाली. UUU चे घर भरले. हरगोविंद खुराना यांनी क्रम ठरवून आरएनए तयार केले. UCUCUC असा सलग संदेश दिला की त्यातून सेरिन आणि ल्युसिन आळीपाळीने येत. तीन-तीन पाडून पाहिले तर कारण कळते : UCU, CUC, पुन्हा UCU, पुन्हा CUC. निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट होली यांना 1968 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सहाव्या जागेवरच्या GAG कडे येऊ. यातले एक अक्षर बदलले तर काय होते, हे तक्त्यावरूनच पाहता येते. शेवटचा G जाऊन A आला, GAA झाला, तरी नाव ग्लुटामिक आम्लच राहते, प्रथिनात काहीच बदलत नाही. पहिला G जाऊन A आला तर AAG, म्हणजे लायसिन. याने हिमोग्लोबिन सी तयार होते. पहिल्या G च्या जागी U आला तर UAG, आणि साखळी पाच अमिनो आम्लांवर थांबेल. मधला A जाऊन U आला तर GUG, म्हणजे व्हॅलिन. हाच सिकलसेलचा बदल आहे. व्हर्नन इंग्राम यांनी केंब्रिजमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याचे 1957 मध्ये दाखवले, तेव्हा कोडॉनचे एकही घर भरलेले नव्हते.

आपल्या तुकड्यात GUG आधीच एकदा आहे, अगदी पहिल्या जागेवर, आणि तिथे तो सगळ्या निरोगी माणसांत असतो. मग सहाव्या जागेवरचे व्हॅलिन एवढे का नडते? ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्याचा सहवास चालतो. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर ते योग्यच आहे. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूच्या पृष्ठभागावर एक छोटी खाच उघडी पडते. सहाव्या जागेवरचे व्हॅलिन त्या खाचेत नेमके बसते. रेणूला रेणू जुळत लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. तक्त्याने अमिनो आम्लाचे नाव सांगितले, पण त्याचा परिणाम कळायला प्रथिनाचा आकार माहीत असावा लागतो. तक्त्याची मर्यादा ही.

अक्षर बदलण्याऐवजी वाढले तर गोष्ट आणखी वेगळी. भारतात बीटा थॅलेसेमियाचा जो एक नेहमी आढळणारा जनुकदोष आहे, त्यात आपल्या तुकड्यातल्या शेवटच्या AAG नंतर एक जादा G येतो. मूळ संदेश पुढे UCU GCC GUU असा जातो. जादा G मुळे तिकडी सरकते आणि वाचन असे होते :

```
AAG GUC UGC CGU UAC UGC CCU GUG
GGG CAA GGU GAA CGU GGA UGA
```

AAG नंतर सरकलेल्या वाचनाची तेरा अमिनो आम्ले आणि मग UGA. हा UGA मूळ संदेशातही होता, पण GAU GAA या दोन कोडॉनमध्ये विभागलेला, म्हणून कधी वाचला जात नव्हता. तिकडी सरकल्याबरोबर तो पूर्ण शब्द झाला. 146 ऐवजी 21 अमिनो आम्लांवर काम थांबते आणि त्या जनुकाकडून बीटा साखळी मिळतच नाही. सिकलसेलमध्ये साखळी पूर्ण बनते पण वेगळी वागते, थॅलेसेमियाच्या या प्रकारात ती बनतच नाही.

सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत जास्त आढळतो. तिथल्या आरोग्य केंद्रांत आधी रक्ताची विद्राव्यता चाचणी करतात. ती होकारार्थी आली तरी नुसता वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये तोच विद्युतभार उपयोगी पडतो. ग्लुटामिक आम्लाचा ऋणभार गेल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकते आणि त्याचा पट्टा वेगळा दिसतो. अहवालात AS असेल तर एका पालकाकडून GAG चा आणि दुसऱ्याकडून GUG चा संदेश आलेला असतो. अशा माणसाला बहुधा त्रास नसतो. SS असेल तर दोन्हींकडून GUG आलेला असतो. नवरा-बायको दोघेही AS असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल SS होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. त्यामुळे या भागांत लग्न ठरवताना दोघांचेही अहवाल पाहावेत, आणि ते राहून गेले असेल तर गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतच तपासणी करून घ्यावी.