समताण स्तंभ
सरळ स्तंभाच्या माथ्यावर फक्त वरचा भार असतो. तळाशी त्यात स्तंभाचे स्वतःचे वजनही मिळते. त्यामुळे माथ्याकडचा बराचसा माल फुकट जातो. प्रत्येक छेदावर ताण सारखाच ठेवायचा, तर खाली येताना वाढलेल्या वजनाच्या प्रमाणात क्षेत्रफळ वाढवावे लागते. ही वाढ घातांकी असते: A = A₀e^(γx/σ). येथे x हे माथ्यापासूनचे अंतर, γ घनमीटरचे वजन आणि σ ताण.

समजा, दगडी स्तंभ 50 मीटर उंच, वरचा भार 120 टन, घनमीटरचे वजन 2.4 टन आणि परवानगीचा ताण चौरस मीटरला 120 टन. माथ्याला 1 चौरस मीटर पुरतो, मध्यावर 1.65 आणि तळाशी 2.72 लागतो. सरळ स्तंभ मात्र कितीही जाड केला तरी चालणार नाही, कारण त्याचे नुसते स्वतःचे वजनच तळाशी 120 टनांचा ताण आणते! वारा आणि बाक यांचा हिशेब या सूत्रात नाही. तो वेगळा करावा लागतो.