साठ सेंटिमीटरखाली गाडलेलं रान

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, ऊस तुटून गेलेल्या रानाच्या कोपऱ्यात, शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांनी मार्चमध्ये एक खड्डा घेतला. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल. कोपरा रानमालक आबांनीच दाखवला होता. पाणी दिल्यावर बाकीचं रान तीन-चार दिवसांत वाफशावर येतं, पण हा कोपरा आठवडाभर चिखलात राहतो आणि तिथला ऊस पिवळा पडतो, ही त्यांची जुनी तक्रार.

माती वाचायला घेतलेल्या खड्ड्याचे काही नियम असतात. ज्या भिंतीवर सकाळचं ऊन पडेल ती भिंत वाचनासाठी राखायची आणि तिच्या काठावर कुणी उभं राहायचं नाही, नाहीतर वरचा थर दबून खोटा दिसतो. वरची आणि खालची माती वेगवेगळ्या ढिगांत, काठापासून निदान दोन फूट लांब टाकायची. काठावर ओझं आलं तर भिंत आत येते, म्हणून मुलं कमरेइतक्या खोलीपर्यंतच खणत होती. पुढचं काम दोन मोठ्या माणसांनी केलं. रानाला नुकतंच पाणी दिलेलं असतं तर बाईंनी खड्डा घेऊच दिला नसता.

खणून झाल्यावर भिंत साफ करायची. मुलांनी आधी खुरपं सपाट धरून ती खरवडली. तशी चिकण माती सारवलेल्या भूईसारखी गुळगुळीत झाली आणि आतलं सगळं झाकलं गेलं. मग बाईंनी खुरप्याचं टोक खुपसून लहान लहान ढेकळं बाहेर काढायला शिकवलं, वरून खाली. ढेकूळ आपल्या नैसर्गिक फटीवर सुटतं, तेव्हाच मातीची खरी ठेवण दिसते. भिंतीला मोजपट्टी लावली, थोडं पाणी शिंपडलं, कारण कोरड्या मातीचा रंग फिका पडून फसवतो, आणि मुलं वाचू लागली.

पहिले अठरा सेंटिमीटर नांगरटीचे. भुसभुशीत, मुळांनी भरलेले, जळालेल्या पाचटाचे काळे कण मिसळलेले. २०१९ च्या महापुरानं या रानात चार बोटं गाळ टाकला होता. तो कुठे आहे, असं एका मुलीनं विचारलं. तो दिसत नव्हता. नांगराच्या पोचेत जे येतं ते एकजीव होतं, त्यामुळे गेल्या पन्नास-साठ वर्षांची बहुतेक नोंद पुसलेली असते. अठराच्या खाली आठेक सेंटिमीटरचा टणक पट्टा होता. खुरपं तिथे अडत होतं आणि मुळं खाली न जाता आडवी पसरली होती. ट्रॅक्टरच्या वजनानं आणि एकाच खोलीवर वर्षानुवर्षं चाललेल्या नांगरानं हा पट्टा घट्ट झाला होता.

त्याखाली साठ सेंटिमीटरपर्यंत तांबूस पोयटा. ओली करून अंगठा आणि बोटात दाबली की या मातीची पट्टी इंचभर होते आणि तुटते. निरखून पाहिलं तर तीत बारीक आडव्या रेघा होत्या. हा पुराचा गाळ, आणि रेघा अनेक म्हणजे तो एका पुराचा नव्हे.

मग बरोबर साठावर रंग बदलला. खाली काळी, चिकट माती, जिची पट्टी दोन इंचांहून लांब होत होती. ‘खाली गेलं की माती काळी होते,’ असं एका मुलानं लिहून टाकलं. बाईंनी ते खोडलं नाही, पुन्हा बघायला सांगितलं.

मला या खड्ड्यातला सगळ्यात मोलाचा भाग इथला वाटतो. माती वरून खाली घडते. पालापाचोळा, मुळं, गांडुळं सगळी वरच्या अंगाला, त्यामुळे त्यांच्या खुणा खाली जाताना विरळ होत जायला हव्यात. या भिंतीत त्या विरळ होत गेल्या आणि साठाखाली पुन्हा दाट झाल्या. काळ्या थराच्या माथ्यावर कणीदार ढेकळं होती, कुजलेल्या मुळांच्या बारीक नळ्या होत्या, कोळशाचे कण होते. वरची सीमा सुरीनं कापल्यासारखी स्पष्ट होती आणि खालची बदल कळू नये इतकी हळूहळू. गाळ येऊन पडतो म्हणून त्याची सीमा स्पष्ट उमटते. जमीन जागेवर मुरत घडते म्हणून तिची सीमा पुसट असते. साठावरची रेघ म्हणजे कधीकाळी लोक जिच्यावरून चालले ती जमीन होती.

नुसत्या काळ्या रंगावर मात्र विसंबता येत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आतच असतो. तिचा रंग बेसॉल्ट खडकातून आलेल्या खनिजांमुळे आणि चिकणमातीला घट्ट धरून राहिलेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशामुळे येतो. म्हणून ढेकळं, मुळांच्या नळ्या आणि सीमा यांची साक्ष एकत्र जुळावी लागते.

आणखी एक साक्ष भिंतीतच होती. काळ्या थरात वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या तांबूस पोयट्याच्या पाचरी घुसल्या होत्या. काळी माती उन्हाळ्यात फाटते, तिच्या भेगा हातभर खोल जातात. पुराच्या पाण्यात ती फुगते आणि भेगा मिटतात, मग गाळ आत गेला कसा? मुलांनी बराच वेळ घेतला. सुरुवातीचा गाळ पातळ असणार. पुढच्या उन्हाळ्यांत खालची काळी माती त्यातूनही फाटली आणि कोरडा गाळ भेगांत घरंगळला, हे उत्तर त्यांनीच काढलं.

याच भेगांमुळे काळ्या रानात सापडलेल्या वस्तूवर लगेच विश्वास ठेवता येत नाही. वरचं गोळीचं वेष्टनसुद्धा भेगेतून हातभर खाली जाऊ शकतं. सत्तर सेंटिमीटरवर मुलांना खापराचा तुकडा मिळाला आणि प्रत्येकाला त्याचं वय हवं होतं. पण खापर भेगेतून पडलेलं असू शकतं, शेणखताच्या गाडीतून रानात आलेलं असू शकतं. थराच्या जाडीवरूनही वर्षं मोजता येत नाहीत, एक पूर वीतभर गाळ टाकतो आणि दुसरा बोटभरही नाही. वय हवं तर भेगांपासून दूरचा कोळसा जपून काढून प्रयोगशाळेत द्यावा लागतो. वहीत ‘वय माहीत नाही’ असंच लिहिलं गेलं.

नव्वदच्या खाली पांढरे खडे लागले. बाईंनी त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला आणि तो फसफसला: चुनखडी. वरच्या पोयट्यावर तोच थेंब जेमतेम बुडबुडला.

आबांच्या तक्रारीचं उत्तरही साठाच्याच रेघेवर होतं. तिच्या लगत वर मुळांभोवती गंजाच्या रंगाचे ठिपके आणि मधेमधे राखाडी डाग होते. पाणी साचून हवा कोंडली की मातीतलं लोह विरघळतं, राखाडी डाग मागे राहतात. हवा परत आली की तेच लोह गंजून ठिपके उमटतात. पोयट्यातून पाणी भरभर उतरत होतं आणि काळ्या थरावर येऊन थांबत होतं. ‘म्हणजे मी वरनं निचरा बघत होतो, आन् पाणी खाली अडलंय,’ आबा म्हणाले.

खड्डा बुजवताना आधी खालची माती, मग वरची. त्यानंतर मुलांनी हातानं फिरवायच्या गिरमिटानं बांधाच्या कडेकडेनं भोकं घेतली. नदीपासून लांबच्या टोकाला काळी माती पस्तीस सेंटिमीटरवरच लागली, म्हणजे जुनी जमीन नदीकडे उतरती होती. मधल्या एका जागी मात्र एकशे वीसपर्यंत गेलं तरी पोयटाच. तिथला ऊस दरवर्षी सगळ्यात उंच येतो, असं आबांनी सांगितलं. ती जागा बुजलेल्या ओघळीची असावी, असा मुलांचा अंदाज आहे. गावच्या जुन्या नकाशावर तिथे नाला दाखवलाय का, हे बघायला ती तलाठ्याकडे जाणार आहेत, आणि नकाशात नाला नसला तर आणखी चार भोकं घ्यायची, असं ठरलंय.